विश्लेषण : ‘फिल्टर’ केलेले आणि ‘रेडिएशन’ दिलेले रक्त खरोखर कोणाला लागते?

रुग्णालयातून रक्ताच्या मागणीची चिठ्ठी मिळते आणि नातेवाईक रक्तकेंद्र गाठतात. चिठ्ठीवर कधी ‘ल्युकोरिड्यूस्ड’ लिहिलेले असते, कधी ‘इरॅडिएटेड’, तर कधी दोन्ही. पहिल्यासाठी वेगळे पैसे पडतात. दुसरे तर गावातल्या केंद्रात मिळतच नाही, त्यासाठी मोठ्या शहराकडे धाव घ्यावी लागते. साधे रक्त चालणार नाही का, असा प्रश्न काही जण विचारतात. याउलट, साध्या आजारातही ‘आम्हाला सगळ्यात भारीतले द्या’ असा आग्रह धरणारेही असतात. या दोन प्रक्रियांची नावे बहुधा जोडीने येत असली, तरी त्यांची कामे वेगळी आहेत आणि त्यांची गरज असलेले रुग्णही वेगळे. त्यातही सर्वाधिक गैरसमज ज्याबद्दल आहे, ते म्हणजे घरच्या माणसाचे रक्त.

पिशवीत नेमके काय नको असते?

रक्तदात्याकडून ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते आणि त्याचे लाल पेशी, प्लेटलेट व प्लाझ्मा असे घटक वेगळे केले जातात. रुग्णाला हवे असतात ते हेच. पण त्यांच्याबरोबर दात्याच्या पांढऱ्या पेशीही पिशवीत येतात. रक्ताच्या एका पिशवीत त्यांची संख्या साधारण शंभर कोटींच्या घरात असते. दात्याच्या शरीरात याच पेशी जंतूंशी लढत होत्या. रुग्णाच्या शरीरात त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य आणि त्रास मात्र अनेक. बहुतेक रुग्णांची प्रतिकारशक्ती या परक्या पेशी ओळखते व काही दिवसांत संपवते. रुग्णाला त्याची जाणीवही होत नाही. प्रश्न उरतो तो ज्यांच्या शरीरात हे घडत नाही किंवा वारंवार घडून त्रास होतो अशा रुग्णांचा.

ल्युकोरिडक्शनमध्ये या पांढऱ्या पेशी गाळून त्यांची संख्या कमी केली जाते. इरॅडिएशनमध्ये एकही पेशी काढली जात नाही. गॅमा किंवा क्ष-किरणांचा मारा करून लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची विभाजनाची क्षमता संपवली जाते. एका प्रक्रियेत पेशींची गर्दी कमी होते, दुसरीत गर्दी तेवढीच राहते, पण तिला वाढता येत नाही. पुढचा सारा हिशेब या फरकावर अवलंबून आहे.

फिल्टरने काय साधते?

रक्तकेंद्रात लाल पेशींची पिशवी एका विशेष फिल्टरमधून सोडली जाते. बारीक तंतूंच्या थरांत पांढऱ्या पेशी अडकतात आणि लाल पेशी पुढे जातात. पिशवीत ५० लाखांहून कमी पांढऱ्या पेशी उरल्या तर अमेरिकी निकषाप्रमाणे ते रक्त ‘ल्युकोरिड्यूस्ड’ ठरते. युरोपचा निकष आणखी कडक, म्हणजे १० लाखांचा आहे. शंभर कोटींवरून ५० लाखांवर येणे ही मोठी घट असली, तरी ५० लाख म्हणजे शून्य नव्हे. अनेक केंद्रांत घटक वेगळे करताना पांढऱ्या पेशींचा थर, म्हणजे ‘बफी कोट’ काढून टाकतात. त्याने संख्या सुमारे दहा पटीने कमी होते. हे चांगलेच आहे, पण त्याला ल्युकोरिडक्शन म्हणता येत नाही. काही ठिकाणी बफी कोट काढलेली पिशवीच ‘फिल्टरवाली’ म्हणून हातात पडते. तेव्हा केंद्रात नेमका प्रश्न विचारलेला बरा.

फिल्टरचे सिद्ध झालेले फायदे तीन. पहिला तापाचा. रक्त चढत असताना किंवा त्यानंतरच्या चार तासांत थंडी वाजून ताप येणे ही नेहमीची तक्रार असते. तिचे एक मुख्य कारण पांढऱ्या पेशी आणि त्यांनी साठवणीच्या काळात सोडलेली रसायने हे आहे. (अर्थात ताप आला की ‘फिल्टर नव्हता म्हणून’ असे समजून रक्त चालू ठेवणे धोक्याचे. चुकीच्या गटाचे रक्त आणि जंतुसंसर्ग यांची सुरुवातही तापानेच होते. म्हणून आधी रक्त थांबवायचे आणि मग कारण शोधायचे.)

दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. वारंवार रक्त घेणाऱ्या रुग्णाचे शरीर परक्या पांढऱ्या पेशींवरील ‘एचएलए’ या खुणांविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. एचएलए म्हणजे प्रतिकारशक्तीला ‘आपले’ आणि ‘परके’ कळावे म्हणून पेशींवर असलेली ओळखपत्रे. याच खुणा प्लेटलेटवरही असतात. त्यामुळे एकदा अँटिबॉडी तयार झाल्या की प्लेटलेटच्या पिशव्या चढवत राहिले तरी आकडा हलत नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील एका मोठ्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या प्लेटलेट मिळालेल्यांपैकी ४५ टक्के रुग्णांत अशा अँटिबॉडी आढळल्या, तर फिल्टर केलेल्या प्लेटलेट मिळालेल्यांत हे प्रमाण १७-१८ टक्के होते. महिनोन्महिने प्लेटलेटवर अवलंबून असलेल्या रुग्णासाठी हा फरक फार मोठा आहे.

तिसरा फायदा सायटोमेगॅलोव्हायरसचा, म्हणजे सीएमव्हीचा. हा विषाणू पांढऱ्या पेशींत दडून राहतो. निरोगी माणसाला त्याचा त्रास होत नाही, पण अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेला रुग्ण किंवा अतिशय कमी वजनाचे अपुऱ्या दिवसांचे बाळ यांच्या जिवावर तो बेतू शकतो. पाश्चात्त्य देशांत अशा रुग्णांसाठी सीएमव्हीची लागण न झालेले दाते निवडता येतात. भारतातील बहुसंख्य प्रौढांना हा विषाणू आधीच होऊन गेलेला असल्याने तसे दाते मिळणे जवळपास अशक्य आहे. म्हणून आपल्याकडे फिल्टर हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

फिल्टरने एचआयव्ही, कावीळ टळते का?

नाही, आणि हे ठासून सांगायला हवे. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमधील चाईबासा येथे थॅलेसेमियाग्रस्त मुले एचआयव्हीबाधित आढळली आणि रक्तसंक्रमणाकडे संशयाची सुई वळली. अशा बातमीनंतर ‘फिल्टरचे रक्त घेतले की धोका नाही’ असा समज पसरू शकतो. पण एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू प्लाझ्मातही मोकळे असतात. फिल्टर त्यांना अडवत नाही आणि रक्ताला दिल्या जाणाऱ्या मात्रेतील किरणांनी ते मरतही नाहीत. त्यांच्यापासून संरक्षण दात्याची नीट निवड आणि काटेकोर चाचणी यांनीच मिळते. त्यासाठी अधिक संवेदनशील अशी ‘नॅट’ चाचणी आहे. नॅट आणि फिल्टर या दोन वेगळ्या सुविधा आहेत. एक घेतली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

बेडजवळ लावलेला फिल्टर चालतो का?

केंद्रातून साधे रक्त आणायचे आणि औषध दुकानातून फिल्टर विकत घेऊन तो रुग्णाच्या खाटेपाशी सलाइनच्या नळीला जोडायचा, ही पद्धत अजूनही अनेक रुग्णालयांत दिसते. काहीच नसण्यापेक्षा ती बरी, पण तिच्या मर्यादा मोठ्या आहेत. पिशवी साठवणीत असताना पांढऱ्या पेशींनी सोडलेली ताप आणणारी रसायने फिल्टरमध्ये अडकत नाहीत. खोलीच्या तापमानाला ठेवाव्या लागणाऱ्या प्लेटलेटमध्ये तर ती जास्तच साचतात. म्हणून रक्त घेतल्यानंतर लवकरात लवकर, साठवणीपूर्वीच गाळणे श्रेयस्कर. शिवाय खाटेपाशी गाळलेल्या रक्तात किती पेशी उरल्या हे कोणीच मोजत नाही. रक्तकेंद्रात नमुना घेऊन ती मोजणी होते आणि तिथेही नेहमीचे यंत्र उपयोगी पडत नाही. इतक्या कमी पेशी मोजायला खास चेंबर किंवा फ्लो सायटोमेट्री लागते. रक्तदाबासाठी ‘एस इन्हिबिटर’ गटातील औषधे घेणाऱ्या काही रुग्णांचा रक्तदाब खाटेपाशी फिल्टर लावल्यावर एकदम खाली आल्याच्याही नोंदी आहेत.

विदर्भ आणि खानदेशातील केंद्रांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची. सिकलसेलचे वाहक स्वतः ठणठणीत असतात आणि रक्तदान करतात. पण त्यांच्या रक्ताने फिल्टर तुंबू शकतो किंवा रक्त पार जाऊनही पांढऱ्या पेशी नीट अडकत नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारसारख्या पट्ट्यांत फिल्टर वारंवार तुंबत असेल, तर दोष यंत्रणेचा की दात्याच्या रक्ताचा, हे तपासून पाहायला हवे.

मग इरॅडिएशन कशासाठी?

एकाच आजारासाठी. ट्रान्सफ्युजनशी निगडित ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज’ असे त्याचे लांबलचक नाव आहे. तो अत्यंत विरळा आढळतो, पण झाला तर ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावतात. आजार असा : दात्याच्या टी-लिम्फोसाइट पेशी रुग्णाच्या शरीरात मारल्या जात नाहीत. त्या तग धरतात, वाढतात आणि रुग्णाचे शरीरच परके समजून त्यावर हल्ला चढवतात. त्वचा, आतडी, यकृत आणि मुख्य म्हणजे अस्थिमज्जा ही त्यांची लक्ष्ये. पाहुण्याने घराचा ताबा घ्यावा, तसा हा प्रकार.

हे दोन परिस्थितींत घडते. एक, रुग्णाची पेशींवर आधारित प्रतिकारशक्ती इतकी खचलेली असते की तिला पाहुण्याला हाकलता येत नाही. दोन, प्रतिकारशक्ती उत्तम असते, पण तिला पाहुणा परका आहे हेच कळत नाही. पहिली परिस्थिती डॉक्टरांच्या डोक्यात असते. दुसरी निसटते, कारण रुग्ण धडधाकट दिसतो.

फिल्टरने टी-पेशींची संख्या घटते आणि धोकाही घटतो, यात शंका नाही. ब्रिटनमध्ये १९९९ पासून सर्व रक्त फिल्टर केले जाते आणि त्यानंतर तेथील या आजाराच्या नोंदी जवळपास थांबल्या. (सर्वत्र फिल्टर लावण्याचा तो निर्णय ‘मॅड काऊ’शी संबंधित मेंदूच्या आजाराच्या भीतीने झाला होता. हा फायदा अनपेक्षित.) तरीही जगभरात फिल्टर केलेल्या रक्तानंतर हा आजार झाल्याची प्रकरणे नोंदवली गेली आहेत. त्यामुळे ज्याला इरॅडिएशन हवे, त्याला केवळ फिल्टर देऊन भागत नाही.

घरचे रक्त धोकादायक कसे ठरते?

‘परक्याचे नको, मुलाचेच द्या’ हा आग्रह आपल्याकडे मायेपोटी धरला जातो. नेमकी तिथेच दुसरी परिस्थिती उद्भवते. एक कल्पित पण वैद्यकीय नोंदींशी जुळणारे उदाहरण घेऊ.

एका ५८ वर्षांच्या गृहस्थांची बायपास शस्त्रक्रिया ठरली आहे. शल्यचिकित्सकांना ताजे रक्त हवे आहे. मुलाचा रक्तगट जुळतो, तो सकाळी रक्त देतो आणि तीच पिशवी संध्याकाळी वडिलांना चढते. रक्तगट बरोबर, क्रॉसमॅच बरोबर, सगळ्या चाचण्या निर्दोष.

आता एचएलएचा हिशेब पाहू. प्रत्येकाला एचएलएचे दोन संच मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या वडिलांचे संच ‘अ’ आणि ‘ब’ आहेत असे समजू. त्यांची पत्नी ही त्यांच्या मामाची मुलगी. महाराष्ट्रात अनेक समाजांत असे विवाह होत आले आहेत. पती-पत्नीत नाते असल्याने एक संच दोघांत सारखा असण्याची शक्यता वाढते. तेव्हा पत्नीचे संच ‘अ’ आणि ‘क’. अशा दाम्पत्याच्या प्रत्येक अपत्याला दोन्हीकडून ‘अ’ मिळण्याची शक्यता चारात एक असते. समजा, या मुलाला तेच मिळाले, म्हणजे तो ‘अ-अ’ झाला.

मुलाच्या टी-पेशी वडिलांच्या शरीरात पोहोचतात. वडिलांची प्रतिकारशक्ती त्यांची ओळखपत्रे तपासते. तिला दोन्हींवर ‘अ’ दिसते. ‘अ’ तर आपलाच आहे, म्हणून ती त्यांना सोडून देते. मुलाच्या पेशी मात्र वडिलांच्या पेशींवर ‘ब’ पाहतात. तो त्यांच्या ओळखीचा नाही, म्हणून त्या हल्ला करतात. जुळणी एकतर्फी आहे. बचाव करणाऱ्याला शत्रू दिसत नाही आणि हल्ला करणाऱ्याला मात्र स्पष्ट दिसतो. नेहमीच्या क्रॉसमॅचमध्ये हे कळत नाही, कारण त्यात लाल पेशींची जुळणी पाहतात, एचएलएची नाही.

शस्त्रक्रिया उत्तम होते, गृहस्थ घरी जातात. दहाव्या दिवसाच्या आसपास ताप येतो. मग चेहरा, छाती आणि पाठीवर लाल पुरळ उठते आणि अंगभर पसरते. जुलाब सुरू होतात, डोळे पिवळे दिसू लागतात. डॉक्टरांना पहिला संशय येतो औषधाच्या ॲलर्जीचा, मग जंतुसंसर्गाचा आणि पावसाळा असेल तर डेंग्यूचा. हे संशय रास्तच असतात. पण रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन अशा तिन्ही गोष्टी घसरत जातात आणि अस्थिमज्जा तपासली तर ती रिकामी आढळते. खूण पटते ती इथे. प्रत्यारोपणानंतर होणाऱ्या याच नावाच्या आजारात मज्जा सहसा अशी संपत नाही, कारण तिथली मज्जा दात्याचीच असते आणि दात्याच्या पेशी तिच्यावर हल्ला करत नाहीत. इथे मज्जा रुग्णाची आहे. रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींचा डीएनए काढून तो त्याच्या नखांतील किंवा अन्य ऊतींतील डीएनएशी ताडून पाहिला की निदान पक्के होते, कारण रक्तात मुलाचा डीएनए सापडतो. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. खात्रीचा उपचार नाही. बहुतेक रुग्ण लक्षणे सुरू झाल्यापासून काही आठवड्यांत रक्तस्राव किंवा संसर्गाने दगावतात.

हे सारे दुर्मीळ आहे, पण केवळ कल्पनेतले नाही. जपानमध्ये हृदयशस्त्रक्रियेनंतर अंगभर लाली येऊन रुग्ण दगावण्याचा प्रकार डॉक्टरांना अनेक वर्षे चकवत होता. तो हाच आजार होता. तिथे लोकसंख्येत एचएलएचे वैविध्य तुलनेने कमी आहे आणि आप्तांचे ताजे रक्त देण्याची पद्धत होती. इरॅडिएशन सरसकट सुरू झाल्यावर ही मालिका थांबली. जगभरातील ३४८ रुग्णांच्या नोंदींचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही मोठ्या संख्येने रुग्ण असे होते ज्यांची प्रतिकारशक्ती ठीक होती आणि बहुतांश रक्त दहा दिवसांच्या आतले होते. साठवणीत टी-पेशी हळूहळू निकामी होतात, म्हणून रक्त जितके ताजे तितका हा धोका अधिक. ‘ताजे ते चांगले’ हा आपला दुसरा आवडता समज इथे उलटा पडतो.

म्हणजे नातेवाइकांनी रक्तच देऊ नये?

द्यावे, पण ते कोणाला चढते ते पाहावे. महाराष्ट्रात बदली रक्तदानात नातेवाइकाची पिशवी सहसा केंद्राच्या साठ्यात जाते आणि रुग्णाला दुसऱ्याच दात्याची पिशवी मिळते. त्यात हा धोका नाही. धोका तेव्हा, जेव्हा भावाची किंवा मुलाची पिशवी थेट त्याच रुग्णाला जाते. दुर्मीळ रक्तगटात, लहान गावातील रुग्णालयात आणि विशेषतः ‘एसडीपी’च्या बाबतीत असे सर्रास होते. एसडीपी म्हणजे एकाच दात्याला यंत्राला जोडून काढलेल्या प्लेटलेट. डेंग्यूच्या मोसमात भाऊ, मेहुणा, मित्र असे सगळे त्यासाठी रांगेत असतात. मेहुण्याचे आणि मित्राचे रक्त या हिशेबात परकेच. भावाचे मात्र इरॅडिएट केल्याशिवाय देऊ नये. एसडीपी यंत्रातून निघतानाच बहुधा ल्युकोरिड्यूस्ड असतात, त्यामुळे ‘फिल्टर झालेल्याच आहेत’ असे उत्तर मिळते. ते खरे असते, पण पुरेसे नसते. सोय नसेल तर सोपा उपाय असा : भावाच्या प्लेटलेट दुसऱ्या रुग्णाला द्याव्यात आणि आपल्या रुग्णासाठी नात्यात नसलेल्याच्या घ्याव्यात.

अप्लास्टिक ॲनिमियासारख्या आजारात पुढे भावंडाची अस्थिमज्जा घेण्याची शक्यता असते. तिथे घरच्यांचे रक्त टाळण्याचे आणखी एक कारण आहे. आधीच त्यांचे रक्त घेतले तर रुग्णाचे शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध तयार होते आणि नंतर प्रत्यारोपण नाकारले जाऊ शकते. ज्या भावावर सारी भिस्त आहे, त्याने उत्साहात रक्त देऊन बसू नये.

आणखी कोणाला इरॅडिएटेड रक्त हवेच?

यादी डॉक्टरांनी ठरवायची, पण तिचा गाभा बराचसा स्थिर आहे. गर्भाला पोटातच रक्त चढवायचे असेल तर ते इरॅडिएट केलेलेच हवे. अशा बाळाला जन्मानंतर रक्त बदलावे लागले तरी तेच. टी-पेशींचा जन्मजात अभाव असलेली बाळे या यादीत येतात. अस्थिमज्जा किंवा मूलपेशी प्रत्यारोपणाचे रुग्ण येतात, तेही प्रत्यारोपणाच्या तयारीच्या उपचारांपासून. हॉजकिन्स लिम्फोमा झालेल्यांना, आजार बरा झाला तरी, आयुष्यभर इरॅडिएटेड घटक द्यावेत असे ब्रिटिश मार्गदर्शक सूचना सांगतात. फ्लुडाराबिन, क्लॅड्रिबिन, बेंडामस्टिन ही औषधे घेतलेल्यांनाही त्या लागू आहेत, कारण ही औषधे टी-पेशींना दीर्घकाळ दाबून ठेवतात. एचएलए जुळवून निवडलेल्या दात्याच्या प्लेटलेट याच नियमात बसतात. जुळवलेला दाता म्हणजे पुन्हा तोच एकतर्फी ओळखीचा धोका.

आता ज्यांना हे लागत नाही ते रुग्ण. नेहमीची केमोथेरपी घेणारे स्तन, फुप्फुस किंवा आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण यात येतात. एचआयव्हीबाधितांची प्रतिकारशक्ती खचलेली असूनही त्यांच्यात हा आजार आढळत नाही, ही वैद्यकातील एक कुतूहलाची गोष्ट. डेंग्यू, अपघात, बाळंतपण, साधा रक्तक्षय यांत दाता नात्याचा नसेल तर इरॅडिएशनची गरज नाही. थॅलेसेमियातही नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र फिल्टर केलेले रक्त पहिल्या पिशवीपासून मिळायला हवे, कारण त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी आयुष्यभर रक्त घ्यायचे आहे आणि पुढे प्रत्यारोपणाची दारेही उघडी ठेवायची आहेत. भारतात फिल्टर सर्वांना सक्तीचा नाही. एखाद्या केंद्राकडे फिल्टर मोजके असतील, तर ते एकदाच रक्त घेणाऱ्या हर्नियाच्या रुग्णाऐवजी या मुलांसाठी राखून ठेवणे योग्य, असे माझे मत आहे.

प्लाझ्मा आणि क्रायो गोठवून ठेवलेले असतात. त्यांना इरॅडिएशन लागत नाही. आणि एक गोष्ट कधीही इरॅडिएट करायची नसते, ती म्हणजे प्रत्यारोपणासाठीच्या मूलपेशी. त्या वाढाव्यात म्हणूनच तर दिल्या जातात.

सगळेच रक्त इरॅडिएट का करत नाहीत?

यंत्र महाग आणि केंद्रे कमी, हे एक कारण. किरणोत्सारी स्रोत असलेल्या यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, सुरक्षित जागा आणि प्रशिक्षित माणसे लागतात. कोबाल्ट-६० वापरणारे रक्त इरॅडिएटर अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ या नवी मुंबईतील संस्थेने देशातच विकसित केले आहे. तरीही अशी सोय प्रामुख्याने कर्करोग आणि प्रत्यारोपणाच्या मोठ्या केंद्रांभोवतीच एकवटलेली आहे. कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून तीच मात्रा द्यायला वेळ वाढत जातो आणि यंत्राची वेळ पुन्हा पुन्हा मोजून ठरवावी लागते.

दुसरे कारण रक्ताशी निगडित आहे. पिशवीच्या मध्यभागी सुमारे २५ ग्रे मात्रा दिली जाते आणि कोणत्याही भागाला १५ ग्रेपेक्षा कमी मिळू नये असे पाहिले जाते. एवढ्याने लिम्फोसाइट निकामी होतात, पण लाल पेशींच्या आवरणालाही इजा होते आणि त्यांतील पोटॅशियम बाहेर झिरपू लागते. म्हणून किरण दिल्यानंतर लाल पेशी जास्तीत जास्त २८ दिवसच ठेवतात. मूळ मुदत त्याआधी संपत असेल तर तीच धरतात. मोठ्या माणसाला एक-दोन पिशव्यांतील पोटॅशियमने सहसा काही होत नाही. नवजात बाळाला मोठ्या प्रमाणात आणि वेगाने रक्त दिले तर मात्र हृदयाचा ठोका बिघडू शकतो, म्हणून अशा बाळासाठी रक्त इरॅडिएट केल्यावर २४ तासांच्या आत वापरतात. गरज नसताना ‘भारीतले’ मागण्याचा हा दुसरा पैलू. प्लेटलेटची पाच दिवसांची मुदत मात्र किरणांमुळे कमी होत नाही.

रक्त किरणोत्सारी होईल ही भीती अनेकांना वाटते. तसे होत नाही. एक्स-रे काढल्यावर माणूस जसा किरणोत्सारी होत नाही, तसेच हे आहे. रुग्णाला कोणतेही किरण मिळत नाहीत.

पिशवी हाती आल्यावर काय पाहायचे?

इरॅडिएट केलेल्या पिशवीवर एक छोटा दर्शक चिकटवलेला असतो. किरण मिळण्यापूर्वी त्यावर ‘नॉट इरॅडिएटेड’ असे वाचता येते. मात्रा मिळाली की ‘नॉट’ झाकला जातो. ‘नॉट’ अजून दिसत असेल तर पिशवी परत करायची. लेबलवर इरॅडिएशनची तारीख आणि बदललेली मुदत लिहिलेली हवी. फिल्टरसाठी असा दर्शक नसतो, तिथे लेबलवरील ‘ल्युकोरिड्यूस्ड’ किंवा ‘ल्युकोडिप्लीटेड’ हा शब्द पाहायचा.

खरी गळती मात्र पिशवीच्या आधी, मागणीच्या चिठ्ठीवर होते. रक्तकेंद्राला रुग्ण दिसत नाही, दिसते ती चिठ्ठी. तिच्यावर निदानाच्या जागी ‘ॲनिमिया’ एवढेच लिहिले असेल, तर हा माणूस दहा वर्षांपूर्वी हॉजकिन्समधून बरा झाला आहे किंवा गेल्या वर्षी त्याने फ्लुडाराबिन घेतले आहे, हे केंद्राला कळायला मार्ग नाही. मुंबईत उपचार घेऊन गावी परतलेल्या रुग्णाचा पाय मोडतो, तालुक्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरते आणि जुनी फाइल घरच्या कपाटात असते. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांना जवळ बाळगायला एक कार्ड देतात. आपल्याकडे ते काम सध्या रुग्णाच्या घरच्यांनाच करावे लागेल : कर्करोगतज्ज्ञांकडून ‘फक्त इरॅडिएटेड रक्तघटक’ असे एका कागदावर लिहून, सही-शिक्का घेऊन, त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवायचा.